जे-दोन ते टू-बी : बारा वर्षांनंतरची एक मुलाखत

मी नाशिकमध्ये छोट्या कारखान्यांची जीएसटीची कामं बघते. खालचं प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका बाईचं आहे. तिच्या परवानगीने लिहिलं आहे, नाव बदललं आहे आणि कंपनी ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत. अकाउंट्सच्या कामातून बाहेर पडून परत येऊ पाहणाऱ्या बायका मला अधूनमधून भेटतात. त्यातलं हेच प्रकरण निवडलं, कारण यात तयारीचा रोख कुठे ठेवायचा हा निर्णय तिने फार विचारपूर्वक घेतला आणि पुढे काय झालं तेही मला जवळून बघता आलं.

पार्श्वभूमी

मीनल २००५ साली बी.कॉम. झाली. पहिली दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात, नंतर सातपूरच्या एका प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात अकाउंट्स असिस्टंट. २०११ मध्ये मुलगी झाली आणि नोकरी सुटली. शेवटचा पगार साडेनऊ हजार. २०१४ मध्ये मुलगा. मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मग कोरोना. नवरा एका मोठ्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, त्यामुळे घराचं घड्याळ दर आठवड्याला बदलतं. २०२३ मध्ये मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत होता.

या बारा वर्षांत तिच्या जुन्या कामाचं जग पार उलटंपालटं झालं होतं. ती नोकरीत होती तेव्हा महाराष्ट्रात व्हॅट होता, साडेबारा टक्क्यांचा दर होता, दुसऱ्या राज्यातून माल घेतला की कमी दराने कर लागावा म्हणून सी-फॉर्मच्या मागे लागावं लागायचं, कारखान्यात एक्साइजची रजिस्टरं वेगळी असायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे जवळजवळ सगळं एका रात्रीत जुनं झालं. तिने जीएसटीचं एकही रिटर्न भरलेलं नव्हतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीसुद्धा तिने शेवटचं पाहिलं ते ईआरपी ९. बाजारात आता टॅलीप्राइम होतं.

दिवाळी संपली, भाऊबीज झाली आणि शेजारच्या काकूंच्या भाच्याकडून निरोप आला. नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तीसेक माणसं, अकाउंट्स बघणारे काका डिसेंबरअखेर निवृत्त होताहेत, माणूस हवा आहे. "वहिनी, बायोडाटा पाठवा, मी बोलतो." तिने बायोडाटा पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी मुलाखतीची तारीख आली : २४ नोव्हेंबर, सकाळी ११. हातात आठवडाभर. शाळांना अजून सुट्टी, मुलं घरात.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं : "ताई, मी नाही सांगून टाकू का?"

नेमकी अडचण

तिला वाटत होतं की अडचण बारा वर्षांची आहे. मला ते पटलं नाही. अंबड-सातपूरच्या छोट्या मालकाला बायोडाट्यातली रिकामी वर्षं फारशी बोचत नाहीत. त्याला दोन गोष्टी हव्या असतात : महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं रिटर्न आणि २० तारखेला कर भरण्याचं रिटर्न बिनचूक जावं आणि नवं माणूस तीन महिन्यांत सोडून जाऊ नये. म्हणजे तिची अडचण खरं तर सहा वर्षांची होती, २०१७ ते २०२३. त्यातही सगळा जीएसटी तिला यायला हवा होता असं नाही. कायद्याचे बारकावे कंपनीचा सल्लागार बघतो. अकाउंट्सच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला रोजची बिलं नीट चढवता आली पाहिजेत आणि महिन्यातून एकदा खरेदी जुळवता आली पाहिजे.

हे "जुळवणं" काय असतं ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपण माल घेतो तेव्हा विक्रेत्याला कर देतो. तो कर आपल्या भरायच्या करातून वजा करता येतो. पण आपल्याकडे बिल आहे एवढ्यावर आता भागत नाही. विक्रेत्याने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं पाहिजे. त्याने मुदतीत दाखवलं की पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर आपल्यासाठी जे विवरण तयार होतं, त्यात ते बिल दिसतं. या विवरणाचं पूर्ण नाव जीएसटीआर-२बी, पण सगळे "टू-बी"च म्हणतात. टू-बीत नसलेल्या बिलाचा कर त्या महिन्यात वजा करता येत नाही. म्हणून १४ ते २० या सहा दिवसांत आपलं खरेदीचं रजिस्टर आणि टू-बी समोरासमोर ठेवून एकेक बिल ताडून बघायचं.

मी हे सांगत असताना मीनल मध्येच म्हणाली, "म्हणजे जे-दोनच की."

ती बोलत होती ते व्हॅटच्या काळातल्या ऑडिट रिपोर्टबद्दल. फॉर्म ७०४ ला जे नावाचं परिशिष्ट असायचं. त्याच्या पहिल्या भागात ग्राहकनिहाय विक्री आणि दुसऱ्या भागात विक्रेत्यानिहाय खरेदी, प्रत्येकाच्या टिन म्हणजे व्हॅट नोंदणीच्या नंबरसकट. आपल्या जे-दोनमधली खरेदी समोरच्याच्या जे-एकमधल्या विक्रीशी जुळली नाही की विभागाकडून विचारणा व्हायची. सातपूरला असताना ती यादी मीनलच करायची. चुकीचा टिन, विक्रेत्याने न दाखवलेलं बिल, त्याला फोन करून पाठपुरावा, हे सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं. फरक इतकाच की तेव्हा हे वर्षातून एकदा व्हायचं, आता दर महिन्याला होतं.

माझ्या मते तयारीचा कणा तिथेच सापडला.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय तिच्या मनात आधीपासून होता : ही मुलाखत सोडून द्यायची, तीन महिन्यांचा "टॅली विथ जीएसटी" कोर्स करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग अर्ज करायचे. यात मानसिक सुरक्षितता होती. पण कोर्सची फी होती, वेळ जाणार होता आणि कोर्समध्ये बहुतेक वेळ तिला येत असलेल्याच गोष्टींवर गेला असता : लेजर कसं उघडायचं, नावे-जमा म्हणजे काय.

दुसरा पर्याय मी सुचवला. एखाद्या करसल्लागाराच्या ऑफिसात मार्चपर्यंत अर्धवेळ, थोड्या पैशांवर काम करायचं. डझनभर कंपन्यांची रिटर्न हाताखालून जातात, हात लवकर बसतो. तिला हा पर्याय आवडला, पण मुलाखत समोर असताना तो आधी कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता.

तिसरा पर्याय नवऱ्याचा. बायोडाट्यात २०११ नंतर "फ्रीलान्स अकाउंट्स" असं लिहून टाकायचं. "कोण विचारतंय?" असं त्याचं म्हणणं. मीनल अर्धवट तयार झाली होती. यातला धोका नैतिक आहे त्याहून जास्त व्यावहारिक आहे. अकाउंट्सच्या मुलाखतीत दुसराच प्रश्न येतो, "कोणाचं काम केलं? टर्नओव्हर किती? रिटर्न महिन्याला की तिमाहीला?" महिन्याची आणि तिमाहीची पद्धत वेगळी असते आणि ज्याने खरंच काम केलं आहे तो याचं उत्तर झोपेतही देतो. ज्याने केलेलं नाही तो तिथेच उघडा पडतो.

चौथा पर्याय : आहे तशी मुलाखतीला जायचं, पण आठवडाभरात एकच गोष्ट पक्की करायची. खरेदीची बिलं चढवणं आणि टू-बी जुळवणं. बाकीचं विचारलं तर "माहीत नाही, शिकेन" म्हणायचं.

तिने चौथा निवडला आणि दुसरा हाताशी ठेवला. निवडताना तिने मांडलेलं कारण मला आवडलं : "नाही मिळाली तरी निदान ते काय विचारतात ते तरी कळेल. कोर्सवाले ते सांगणार नाहीत."

आठवडाभरात काय केलं

बायोडाट्यापासून सुरुवात झाली. तिने केलेल्या दोन पानी बायोडाट्यात दहावीचे टक्के होते, पतीचं नाव आणि हुद्दा होता, छंदात "वाचन, स्वयंपाक" होतं. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत ती आपल्या बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार होती, हे मात्र कुठेच नव्हतं. का नाही लिहिलं, असं विचारलं तर म्हणाली, "ते काय, फुकटचं काम."

त्या फुकटच्या कामात दर महिन्याच्या मेंटेनन्सच्या पावत्या होत्या, सिंकिंग फंडाचा वेगळा हिशेब होता, दोन वर्षांचं ऑडिट होतं. कोरोनात अर्ध्या लोकांनी यूपीआयवरून पैसे पाठवायला सुरुवात केली तेव्हा बँकेच्या स्टेटमेंटवर नुसतेच आकडे यायचे, फ्लॅट नंबर नसायचा. कोणाचे पैसे कोणते, हे तिने महिनोन्‌महिने शोधून लावलं होतं. कंपनीच्या भाषेत याला बँक रिकन्सिलिएशन म्हणतात. बायोडाटा एका पानावर आला. सोसायटीचं काम नोकऱ्यांच्याच रांगेत, तारखांसह, "मानद" असा शब्द लावून लिहिलं. २०११ ते २०१९ ही वर्षं रिकामीच ठेवली.

मग सराव. टॅलीप्राइम घरच्या जुन्या लॅपटॉपवर एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात महिन्याची १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंदी करता येतात, पण हात बसवायला तेवढं पुरतं. ऑक्टोबर २०२३ ची एक काल्पनिक कंपनी उघडली. पहिल्या संध्याकाळी तिचा फोन आला तो हसतच, "ताई, F8, F9 तेच आहेत हो!" खरेदी-विक्रीच्या, पेमेंटच्या, जर्नलच्या कळा खरंच बदललेल्या नाहीत. क्रेडिट नोटची कळ बदलली आहे, ती आता `Alt+F6` आहे आणि डेबिट नोटची `Alt+F5`. तिची बोटं दोन दिवस जुन्याच जागी जात राहिली.

टू-बीच्या सरावासाठी मी तिला नावं-नंबर बदललेल्या दोन एक्सेल फाइल दिल्या. एक खरेदी रजिस्टर, दुसरं टू-बी. रजिस्टरमध्ये वजा करण्याजोगा कर १,६२,००० रुपये, टू-बीत १,४६,७००. फरक १५,३०० रुपये.

नवशिका माणूस इथे हमखास १५,३०० रुपये कर असलेलं बिल शोधायला लागतो. मीनलनेही तेच केलं आणि अर्धा तास घालवला. असं बिल तिथे नव्हतंच. एक लाखाच्या मालाचं एक बिल, कर १८,०००, रजिस्टरमध्ये होतं आणि टू-बीत नव्हतं. दुसरीकडे पंधरा हजारांच्या मालाचं एक बिल, कर २,७००, टू-बीत होतं आणि रजिस्टरमध्ये नव्हतं. अठरा हजारांतून सत्तावीसशे गेले की १५,३०० उरतात. दोन उलट्या दिशांच्या चुका एकमेकींना अर्धवट झाकत होत्या. म्हणून बेरजेचा फरक शोधत बसायचं नाही, एकेक बिल लावत जायचं आणि दोन्ही बाजूंना काय उरलं ते बघायचं.

शिवाय दोन बिलं "जुळत नाहीत" म्हणून उरली होती, पण त्यांच्यात पैशाचा फरक नव्हता. आपल्या माणसाने बिल नंबर १४७ चढवला होता, विक्रेत्याने ०१४७ दाखवला होता. एक्सेलला ते दोन वेगळे वाटतात. ही तिला लगेच सापडली. "टिनमध्ये पण असंच व्हायचं," म्हणाली.

मग खरा प्रश्न : पुढे काय करायचं? सत्तावीसशेचं बिल खरेदी विभागाकडून शोधून आणायचं, माल खरंच आला होता का ते बघायचं, मगच चढवायचं. अठरा हजारांच्या बिलासाठी विक्रेत्याला फोन करायचा. त्याने पुढच्या रिटर्नमध्ये दाखवलं की तेव्हा वजा करता येईल. तोवर या महिन्यात कंपनीला अठरा हजार जास्तीचे भरावे लागतील आणि हे मालकाला २० तारखेला नाही, १५ लाच सांगायचं, म्हणजे पैशाची सोय होते. शेवटची गोष्ट तिने आपणहून वहीत लिहून घेतली.

चौथी तयारी घरची होती आणि तीही तिच्याच डोक्यातून निघाली. नोकरी साडेनऊ ते सहा. तिने तीन दिवस रंगीत तालीम केली : सकाळी नऊला लॅपटॉप घेऊन बहिणीकडे जायचं, संध्याकाळी साडेसहाला परत. फोन आला तरी दुपारपर्यंत उचलायचा नाही. नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणजे दुपारी तीनपासून घरात फक्त आजी आणि नातवंडं. पहिल्या दिवशी गॅस संपला आणि सिलिंडर कसं बदलायचं ते मुलीला माहीत नव्हतं, आजींना वाकता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलगा क्रिकेट खेळताना पडला, ढोपर फुटलं. आजींनी हळद लावली आणि संध्याकाळी सुनेला ऐकवलं, "अगं, तू असतीस तर..." हे वाक्य नोकरी लागल्यावर पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा तालमीत ऐकलेलं बरं, असं मला वाटतं. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मावशींनी चार वाजता एक चक्कर मारायची, महिना ठरावीक पैसे देऊन, असं ठरलं.

रिकाम्या वर्षांबद्दलच्या उत्तराचा सराव मात्र आम्ही शेवटच्या दिवशी केला. तिचं पहिलं उत्तर पाच मिनिटं चाललं. त्यात बाळंतपणं होती, ऑपरेशन होतं, नवऱ्याच्या पाळ्या होत्या आणि बोलता बोलता आवाजात माफीचा सूर येत होता. काटछाट करून उरलं ते असं : "२०११ पासून मी घरी होते, दोन मुलं वाढवली. आता धाकटा चौथीत आहे, घरी सासूबाई आहेत, पूर्ण वेळ येऊ शकते. जीएसटी आला तेव्हा मी नोकरीत नव्हते, त्यामुळे रिटर्न भरायचा अनुभव नाही. पण व्हॅटचं जे-दोन मी करत होते आणि टू-बी जुळवायला शिकले आहे." जे नाही ते आपणहून सांगायचं आणि लगेच जे आहे ते पुढे ठेवायचं. समोरच्याला खोदून काढायला काही उरत नाही.

मुलाखत

मालक आणि निवृत्त होणारे काका, दोघंच होते. मालकांनी रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं, तिने उत्तर दिलं. जे-दोनचं नाव ऐकताच काकांनी मान वर केली आणि पुढची दहा मिनिटं दोघं फॉर्म ७०४ च्या आठवणीच काढत बसले.

मग मालकांनी विचारलं, "मॅडम, मुलं आजारी पडली तर?" हा प्रश्न पुरुष उमेदवाराला विचारला जात नाही आणि विचारू नये. पण विचारला जातो हे वास्तव आहे. तिने तालमीत बसलेली घडी सांगितली आणि जोडलं, "११ ते २० मी सुट्टी घेणार नाही. बाकी दिवसांत लागली तर आधी सांगेन." रिटर्नच्या तारखा तिच्या तोंडून आल्यावर मालकांनी तो विषय सोडला.

नंतर काकांनी तिला कॉम्प्युटरवर बसवलं, सहा बिलं दिली. पाच तिने हळूहळू चढवली. सहाव्याला थांबली. विक्रेता वापीचा, जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा, म्हणजे गुजरात. माल वापीहून अंबडला आलेला. आणि बिलावर कर लावला होता नऊ टक्के केंद्राचा, नऊ टक्के राज्याचा. दोन राज्यांमधल्या व्यवहारावर अठरा टक्के आयजीएसटी लागायला हवा होता. एकूण रक्कम तीच येते, म्हणून नजरेतून सुटतं. व्हॅटच्या टिनमध्येही महाराष्ट्राचा आकडा २७ च होता, त्यामुळे पहिले दोन आकडे बघायची सवय तिला जुनीच होती. ती म्हणाली, "काका, हे मी चढवत नाही. त्यांच्याकडून दुरुस्त करून मागवायला लागेल." काकांनी बिल परत घेतलं आणि काही बोलले नाहीत.

सगळंच जमलं असं नाही. पन्नास लाखांवरच्या खरेदीवर कापायच्या टीडीएसबद्दल विचारलं, तो २०२१ मध्ये आला आहे, तिने नावही ऐकलं नव्हतं. "माहीत नाही" म्हणाली. माल वाहून नेताना किती रकमेपासून ई-वे बिल लागतं, ती मर्यादा पन्नास हजार सांगितली. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती एक लाख आहे.

आणि शेवटी पगार. "किती अपेक्षा आहे?" या प्रश्नाची तयारी झालेलीच नव्हती. साडेनऊ हजार डोक्यात बसलेले, त्यात थोडी भर घालून ती बोलून गेली, "बारा-तेरा द्या." काकांनी मालकांकडे पाहिलं, मालकांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

निष्पत्ती

आठवड्याने कळलं, नोकरी दुसऱ्याला गेली. पंचविशीतला मुलगा, दोन वर्षांचा जीएसटीचा अनुभव. मीनल दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने हाताशी ठेवलेला दुसरा पर्याय उचलला आणि माझ्या ओळखीच्या एका सल्लागाराकडे दुपारी एक ते पाच जायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर अकरा कंपन्यांची खरेदी रजिस्टरं आली. ई-वे बिलाची मर्यादा तिने पुन्हा चुकवली नाही.

१४ डिसेंबरला अंबडहून फोन आला. तो मुलगा दोन आठवड्यांत सोडून गेला होता, त्याला घराजवळ काम मिळालं. काका म्हणाले, "वापीच्या बिलावाल्या मॅडमना विचारा, असं मी साहेबांना म्हटलं."

आता पगाराचा प्रश्न नव्याने मांडायची संधी होती आणि इथे तिने फोनवर लगेच होकार दिला नाही. "संध्याकाळी सांगते" म्हणाली. सल्लागाराकडच्या मुलींना विचारलं तर अंबडला या कामाचे अठरा-वीस हजार मिळतात असं कळलं. संध्याकाळी तिने अठरा मागितले. मालक म्हणाले, तुम्हीच तेरा म्हणाला होतात. ती म्हणाली, "तेव्हा मला बाजार माहीत नव्हता." सतरावर जमलं. हातात किती येणार हे तिने वहीत मांडून दाखवलं : मूळ पगार आणि महागाई भत्ता पंधरा हजार, त्यावर बारा टक्क्यांनी पीएफचे १,८००, ईएसआयचे पाऊण टक्क्याने १२८. व्यवसाय कर शून्य, कारण एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो लागत नाही. म्हणजे १५,०७२.

१८ डिसेंबरला ती रुजू झाली. सहा महिन्यांनंतर पाहिलं तेव्हा रिटर्न वेळेवर जात होती. आजींची कुरकुर थांबलेली नव्हती. मावशींची चारची चक्कर चालू होती, पण मुलीने आता ती नको म्हणून हट्ट धरला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पगाराचं उघड आहे. "बारा-तेरा" हा आकडा मुलाखतीच्या आधी एका फोनने बदलला असता आणि सतरावर अडायची वेळही आली नसती. बारा वर्षांपूर्वीचा पगार आधार धरून मागणं ही परत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईची सवय आहे.

अर्धवेळ कामाचा पर्याय मुलाखतीनंतर न घेता, खजिनदारकी संपली त्या २०२१ मध्येच घेता आला असता. तेव्हा धाकटा दुसरीत होता आणि शाळा ऑनलाइन होती, त्यामुळे हे बोलायला सोपं आहे. तरी घरून दोन-तीन दुकानदारांची बिलं चढवणं शक्य होतं आणि मग नवऱ्याचा तो "फ्रीलान्स" शब्द खराच ठरला असता.

तयारीची रुंदी कमी ठेवली हे मात्र मी बदलणार नाही. टीडीएस आणि ई-वे बिलही आठवड्यात घुसवलं असतं तर सहाव्या बिलापाशी ती थांबली असती का, याची मला शंका आहे.

एक गोष्ट रुजू होण्याआधी विचारायला हवी होती, जी मुलाखतीच्या कोणत्याच यादीत नसते. पोर्टलवर कंपनीच्या नावाने कोणाचा मोबाइल नोंदवलेला आहे? काका ३१ डिसेंबरला निवृत्त झाले. ११ जानेवारीला मीनलने डिसेंबरचं विक्रीचं रिटर्न तयार केलं, सबमिट दाबलं आणि ओटीपी गेला काकांच्या मोबाइलवर. काका चाळीसगावला पुतणीच्या लग्नात, फोन काकूंच्या पिशवीत. रात्री नऊच्या पुढे ओटीपी मिळाला आणि रिटर्न मुदतीत गेलं. दुसऱ्या दिवशी तिने नोंदणीतला नंबर बदलून मालकांचा टाकायचा अर्ज पोर्टलवरून केला. अशा बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही, जुन्या माणसाच्या शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत तो होऊ शकला असता.